मंगळागौरीच्या खेळांसाठी कोणतं नेसणं? तीन प्रचि बघून मत द्या

शेवंती
आमचा आठ जणींचा गट श्रावणात मंगळागौरीचे खेळ करतो. यंदा सलग बारा मिनिटं खेळायचं आहे. आधी झिम्मा, मग पिंगा, मग दोघी-दोघींच्या फुगड्या आणि शेवटी बसफुगडी. साडी कशी नेसायची यावर गटात एकमत होत नाहीये, म्हणून रविवारी तिघींनी तीन प्रकारे नेसून फोटो काढले.

प्रचि १ मध्ये नेहमीची सहावारी आहे. सात निऱ्या, खांद्यावर पदराच्या चुण्या करून पिन, पदर मागे गुडघ्याच्या थोडा खाली.
प्रचि २ मध्ये ब्राह्मणी पद्धतीची नऊवारी. समोर निऱ्यांचा घोळ, मागे काष्टा, पदर उजवीकडून पुढे घेऊन डावीकडे कंबरेला खोचलेला.
प्रचि ३ मध्ये लावणीला नेसतात तशी नऊवारी. पायांना घट्ट बसलेली, घोटे मोकळे, पदर छातीवरून चापून घेऊन कंबरेत.

माझ्या डोळ्यांना प्रचि १ सगळ्यात नीटनेटकी वाटते. निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या आहेत आणि खालचा काठ एका रेषेत आहे. २ मध्ये घोळ जरा फुगलेला दिसतो. ३ मध्ये पाय छान सुटसुटीत आहेत, पण पदर आखूड वाटतो. निऱ्या, पदराची पडण आणि नाचताना सोय, या तिन्हींचा विचार करून तुम्ही कोणती निवडाल?

अबोली
डोळे झाकून १. पदर काय सुंदर पडलाय! सहावारीत सगळ्यांना सवयही असते, नेसायला कोणी बाहेरून बोलवावं लागत नाही. पिना भरपूर लावा म्हणजे झालं. मी संगीत समारंभाला निऱ्यांना वर एक, गुडघ्यापाशी एक, पदराला दोन आणि कंबरेला एक अशा पाच पिना लावून तासभर नाचले होते. साडी जागची हलली नाही.

वर्षाऋतू
माझ्या मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनात कोळी नाच करायचा आहे. तिला प्रचि ३ सारखी नेसवली तर चालेल का? ती नऊ वर्षांची आहे, नऊवारी फार मोठी होईल असं वाटतं.

काठपदर
शेवंतीताई, फोटो नीट मोठे करून पाहिले. मत देण्याआधी एक गोष्ट. तिन्ही फोटोंत नेसणं वेगळं आहे तसं कापडही वेगळं आहे. प्रचि १ चं कापड मऊ सिल्कसारखं आहे, इस्त्रीची घडी धरून बसणारं. प्रचि २ सुती आहे आणि बहुतेक नवी, खळ न गेलेली. तुम्हाला जो घोळ फुगलेला दिसतो तो खळीचा आहे, नेसण्याचा दोष नाही. तीच साडी तीन-चार वेळा धुतल्यावर नेसवा, घोळ खाली बसेल. म्हणजे या तीन फोटोंत निऱ्यांची तुलना करताना आपण अर्धी तुलना कापडाचीच करतोय.

दुसरं असं की तिघीही पाय जुळवून सरळ उभ्या आहेत. असं उभं राहिलं की कोणतीही साडी चांगली दिसते. मी गेली बरीच वर्षं रंगमंचासाठी साड्या नेसवते. कलाकार आरशासमोर उभी असताना मी निऱ्यांकडे फार बघत नाही. तिला खाली बसायला, हात वर करायला आणि मागे रेलायला लावते, आणि मग बघते. तुमच्या खेळांत नेमक्या याच तीन हालचाली आहेत.

फुगडीचंच घ्या. दोघी पावलं जुळवून, एकमेकींचे हात धरून मागे रेलतात. शरीर तिरकं झालं की कंबर पावलांच्या मागे जाते आणि थोडी खालीही येते. साडी मात्र कंबरेपासून सरळ जमिनीकडे लोंबते. त्यामुळे मागचा काठ टाचांच्या मागे जमिनीला टेकतो आणि पावलं सरकवताना टाच त्याच्यावर पडते. समोरून काढलेल्या फोटोत हे दिसणारच नाही. प्रचि १ मध्ये समोरचा काठ जमिनीपासून बोटभर वर आहे, मागचाही तेवढाच धरला तर फुगडीत टाच नक्की अडकेल. नऊवारीत मागचं कापड काष्ट्यात वर गेलेलं असतं, टाचेमागे लोंबायला काठच उरत नाही. फुगडीला नऊवारी सोयीची पडते ती या कारणाने.

वर्षाऋतूताई, कोळी पद्धतीचं नेसणं वेगळं, ते गुडघ्यापर्यंतच येतं. प्रचि ३ तसं नाही. लहान मुलीला आईची सहावारी लांबीत दुमडून नेसवता येते, पण तुमचा प्रश्न इथे हरवून जाईल. वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहिते.

छायाप्रकाश
मी साड्यांमधला जाणकार नाही, फोटो काढतो. काठपदर यांनी कापडाचं सांगितलं तसंच उजेडाचं आहे. प्रचि १ खिडकीच्या बाजूला उभं राहून काढलाय. उजेड बाजूने आलाय, म्हणून प्रत्येक निरीच्या कडेला बारीक सावली आहे आणि निऱ्या कोरीव दिसतात. प्रचि २ ला समोरून फ्लॅश मारलाय. समोरच्या उजेडात सावल्या पुसल्या जातात, निऱ्या असल्या तरी सगळं सपाट आणि फुगीर दिसतं. प्रचि ३ तर गर्द जांभळी आहे, तिच्यात काही कळतच नाही.

शिवाय तिन्ही फोटो उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून काढलेत. वरून खाली बघितलं की साडीचा तळ आक्रसतो आणि काठ तिरका असला तरी पटकन लक्षात येत नाही. फोन कंबरेच्या उंचीवर धरा, किंवा स्टुलावर टेकवून ठेवा. जमिनीवर खडूने पावलांची खूण करा. नाचाआधी आणि नाचानंतर त्याच खुणेवर उभं राहून समोरून, बाजूने आणि मागून असे तीन-तीन फोटो घ्या. मग निरी किती सरकली ते बोटांनी मोजता येईल.

अबोली
उजेडाचं पटलं. पण टाच अडकते म्हणून सहावारी बादच करायची का? थोडी वर नेसली की झालं.

काठपदर
बाद कशाला? अबोलीताई, सहावारीत नाचता येतं, तुम्ही नाचलातच. पण संगीताच्या नाचात आपण बहुतेक उभ्याने नाचतो. बसफुगडीत उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा असतो.

पिनांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. निऱ्यांना वर पिन हवीच. खोचतो तिथून चार बोटं खाली, आतल्या बाजूने, सगळ्या निऱ्या आणि परकर एकत्र धरून. म्हणजे निऱ्यांचा गठ्ठा डावी-उजवीकडे सरकत नाही. गुडघ्यापाशी लावलेली पिन मात्र नाचात नको. हिशेब करून बघा. पाच इंच रुंदीच्या एका निरीत दहा इंच कापड असतं, म्हणजे सात निऱ्यांत सत्तर इंच. पाऊल टाकताना हेच सत्तर इंच उलगडतात आणि पाय मोकळा होतो. गुडघ्यापाशी पिन मारली की निऱ्या उलगडतच नाहीत, पाऊल वीतभरावर अडतं. पाय जोर करतो, पिन धरून ठेवते आणि मधलं कापड फाटतं. मऊ सिल्क तर पिनेच्या भोकापासून सरळ चिरत जातं. पिनेत आधी एक मणी किंवा कापडाचा दुपदरी तुकडा ओवून मग ती साडीला लावली की ताण पसरतो.

शेवंती
इतका विचार आम्ही केलाच नव्हता. छायाप्रकाश म्हणाले तसं काल परत केलं. तिघींनाही एकाच प्रकारच्या, धुतलेल्या सुती साड्या दिल्या, एक सहावारी आणि दोन नऊवारी. फोन स्टुलावर, खडूच्या खुणा, सगळं. आधी फोटो, मग पूर्ण बारा मिनिटांची तालीम, मग परत फोटो. नवे प्रचि वर जोडलेत. जे दिसलं ते लिहिते.

सहावारी: तालमीआधी अजूनही सगळ्यात सुबक, हे मान्य करावंच लागेल. नंतरच्या फोटोत निऱ्यांचा गठ्ठा तीन बोटं डावीकडे गेलाय आणि डाव्या बाजूचा काठ जमिनीला टेकलाय. फुगडीत दोनदा टाच अडकली, काठपदर म्हणाल्या तश्शीच, मागून. बसफुगडी तिने केलीच नाही.

ब्राह्मणी: समोरच्या निऱ्या जवळपास जागेवर. पण मागच्या फोटोत काष्टा अर्धा सुटून लोंबतोय. बसफुगडीच्या तिसऱ्या-चौथ्या उडीलाच सुटल्याचं तिला जाणवलं.

लावणीची: काष्टा, निऱ्या सगळं जिथल्या तिथे. मात्र बसफुगडीत ती पूर्ण खाली बसूच शकली नाही, गुडघ्यावर आणि मागे कापड ताणलं गेलं. आणि झिम्म्यात हात वर केल्यावर तिघींचाही पदर कंबरेतून निघाला. तिघींचाही!

म्हणजे एकही उत्तीर्ण नाही असंच म्हणायचं का?

निशिगंध
शिवलेली नऊवारी घ्या आणि मोकळ्या व्हा. सलवारीसारखी पाय घालून चढवायची, कंबरेला नाडी, काष्टा शिवलेला. काही सुटत नाही, काही सरकत नाही. आमच्या गटाने मागच्या वर्षीपासून तीच केली. आठ जणी पंधरा मिनिटांत तयार होतात.

काठपदर
शेवंतीताई, तुमचे नवे फोटो फार बोलके आहेत. एकेक बघू.

काष्टा. प्रचि ५ मध्ये तालमीआधी तो अगदी चापून बसलाय, मागे सुरकुती नाही. तिथेच चूक आहे. सरळ उभं राहून, पाय जुळवून काष्टा ओढून खोचला की तो उभ्या अंगाच्या मापाचा होतो. उकिडवं बसलं की मागचं माप वाढतं. तुम्ही स्वतः मोजून बघा. पुढच्या कंबरेपासून दोन पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत टेप धरा, एकदा उभ्याने आणि एकदा बसून. जेवढा फरक येईल तेवढं कापड कुठून तरी यायला हवं. ते खोचलेल्या जागेतूनच येतं, म्हणजे काष्टा सुटतो.

उपाय सोपा आहे. काष्टा मागे घेताना पाय खांद्याइतके फाकवायचे, गुडघे वाकवून अर्धवट बसायचं आणि तसंच राहून खोचायचा. उभं राहिल्यावर मागे थोडी ढिलाई दिसेल, फोटोत तेवढं चोख दिसणार नाही. ती ढिलाई काढू नका, बसण्यासाठीचं कापड तेच आहे.

दुसरं, खोचायचा कशात? सहावारीत परकराच्या नाडीची पकड असते, नऊवारीत परकर नाही. असते ती फक्त साडीची पहिली गाठ. ती कंबर सर्वात बारीक असते तिथे, बेंबीच्या उंचीवर यायला हवी. खाली कुल्ह्यांवर बांधली तर दर उडीला सरकते. त्यावर मी दोन बोटं रुंदीची सुती पट्टी बांधते आणि काष्टा त्या पट्टीच्या आतून वर काढून, टोक परत खाली दुमडून खोचते. दुमडलेलं टोक सहजी निसटत नाही. आत गुळगुळीत लेगिंग घातली असेल तर तीही बदला, सुती चड्डी चालेल. गुळगुळीत कापडावर सगळंच घसरतं.

लावणीच्या नेसण्यात ताण आला कारण पायांभोवतीचं कापड उभ्या मापाला आवळलंय. तिथेही पाय वाकवूनच कापड घ्यायचं. पण एवढं करूनही पूर्ण उकिडवं बसण्यासाठी ते नेसणं मला कधी आवडलेलं नाही. लावणीत पावलांचं काम, घुंगरू आणि कंबर दिसायला हवी, अर्धं बसणं पुरतं. त्या कामासाठी ते चोख आहे.

अबोली
आणि पदर? तिघींचाही सुटला म्हणजे तो नेसण्याच्या प्रकाराचा दोष नाहीच की.

काठपदर
अगदी बरोबर पकडलंत. पदराचं उत्तर तिन्हींना एकच आहे. पदर आपण हात खाली ठेवून पिनतो. झिम्म्यात हात डोक्यावर जातो, खांदा वर उचलला जातो आणि खांद्यापासून कंबरेपर्यंतचं अंतर वाढतं. खांद्याची पिन पक्की असते, म्हणून कंबरेची खोच सुटते. डावा हात पूर्ण वर करून, त्याच स्थितीत कंबरेला पदर खोचा. हात खाली आणल्यावर छातीवर एक हलका झोळ येईल. उभ्याच्या फोटोत तो झोळ ढिसाळ दिसेल, पण झिम्म्यात तोच ताठ होतो.

खांद्यावर एकच पिन असेल तर पदर तिच्याभोवती गोल फिरतो आणि चुण्या पसरतात. दोन पिना लावा, एक खांद्याच्या शिवणीवर आणि दुसरी चार बोटं मागे, पाठीवर.

तुळसवृंदा
माझी आई रोज नऊवारी नेसायची आणि तिला मी एकदाही पिन लावताना पाहिलं नाही. मंगळागौर रात्रभर जागवायच्या, तीही खेळायची. आता वाचताना आठवतंय की काष्टा घालताना ती खरंच किंचित खाली बसायची. आम्हाला वाटायचं ती कापड झटकतेय. पदर मात्र ती पूर्ण कंबरेभोवती फिरवून घट्ट खोचायची, पुढे झोळ नसायचा. त्या वेळचे ब्लाउज सैल असत म्हणून चालत असेल का?

काठपदर
असू शकेल. ब्लाउज सैल असेल तर खांदा उचलला तरी पिनेला ओढ बसत नाही, आणि त्यांच्या पदराला तर पिनच नव्हती. पदर खांद्यावरून मोकळा सरकून परत येत असणार. पिन लावल्यामुळे कंबरेची खोच सुटते, हे उलट बाजूने तुमच्या आईंनी दाखवून दिलं. मी पिनेशिवाय रंगमंचावर कोणाला पाठवलेलं नाही, त्यामुळे ते किती वेळ टिकेल ते तुमच्या आठवणीवरूनच मानते.

निशिगंधताई, शिवलेल्या नऊवारीला माझा विरोध नाही. आठ जणी, वेळ कमी, नेसवणारी एकच, तर ती कामाची आहे. तिचाही काष्टा एका ठरावीक मापाचा असतो, म्हणून शिवताना बसलेलं माप द्या, नाहीतर शिवण उसवते. आणि एकीचं दुसरीला होत नाही. फोटोत ती मला ओळखू येते ती निऱ्यांवरून. प्रत्येक निरी कंबरेशी शिवलेली, म्हणून वर एकदम सपाट आणि खाली पंख्यासारखी. नेसलेल्या नऊवारीत निऱ्या वरही थोड्या जिवंत असतात.

निशिगंध
आमच्यातल्या एकीची शिवण खरंच बसफुगडीत उसवली होती. आम्ही शिंप्याला दोष दिला. माप उभ्यानेच दिलं होतं. तरीही मी शिवलेलीच घेईन. नेसवणाऱ्या बाईंची वाट बघत सहा जणी ताटकळत बसल्या की कार्यक्रमाचा उत्साह जातो.

शेवंती
परत तालीम झाली. या वेळी फक्त ब्राह्मणी, तिघींना. टेप लावून मोजलं. माझं उभ्याचं आणि बसल्याचं माप अडीच इंचांनी वेगळं आलं, उंच मैत्रिणीचं जवळपास तीन. वाकून काष्टा, आत सुती पट्टी, हात वर करून पदर, खांद्याला दोन पिना.

बारा मिनिटांनंतरचे प्रचि जोडलेत. काष्टा तिघींचा जागेवर. पदर दोघींचा जागेवर, तिसरीचा थोडा सैल झाला पण निघाला नाही. समोरच्या निऱ्या माझ्या एक बोट उजवीकडे सरकल्यात. आता एकच खंत आहे. आधीच्या फोटोत काष्ट्याची ढिलाई आणि छातीवरचा झोळ दिसतो, आणि निमंत्रणपत्रिकेसाठी फोटो तर उभ्यानेच लागतो.

छायाप्रकाश
पत्रिकेचा फोटो उभ्याने कशाला? झिम्म्याचा घ्या, हात वर असताना. काठपदर म्हणतात तसा झोळ तेव्हा ताठ होतो. टाळी वाजण्याच्या क्षणी हात क्षणभर थांबतात, तेव्हा सलग दहा-बारा फोटो काढा. उजेड बाजूने ठेवा. काष्ट्याची ढिलाई मागे असते, समोरून दिसणारच नाही.

अबोली
मी माझं मत बदलते, पण अर्धंच. बसफुगडी असेल तर ब्राह्मणी नऊवारी. बसफुगडी नसेल तर सहावारीच, मागचा काठ दोन बोटं जास्त वर घेऊन. पदर सहावारीचाच देखणा पडतो, त्याला नऊवारीत तोड नाही.

काठपदर
मागचा काठ वर घेताना परकरही तेवढाच वर घ्या, नाहीतर टाच परकरात अडकेल. पदराचं म्हणाल तर नऊवारीचा पदरही मागे मोकळा सोडला की तितकाच देखणा पडतो. खेळासाठी आपण तो कंबरेत बांधतो म्हणून तुलना सारखी होत नाही.

शेवंतीताई, तुमच्या निऱ्या उजवीकडे सरकल्या त्या बहुतेक फुगडीच्या फिरण्याच्या दिशेने. पुढच्या तालमीत एकदा उलट्या दिशेने फुगडी घालून फोटो काढाल का? डावीकडे सरकल्या तर कारण कळलं. नाही सरकल्या तर तुमची पहिली गाठ मध्यभागी नसावी.

शेवंती
गुरुवारी तालीम आहे. दोन्ही दिशांनी फुगडी घालून, खडूच्या खुणेवर उभी राहून प्रचि टाकते.